अढीशेजारचे अंथरूण

माझी धाकटी जाऊ तोंड मिटून झोपते. तिच्या या एका गोष्टीचा मी आंब्याचा अख्खा हंगाम हेवा केला, आणि त्या हेव्यापायी एका दुपारी असे काही करून बसले की आजही दुपारच्या झोपेतून जाग आली की पहिल्यांदा माझा हात ओठांकडे जातो.

आमचे घर रत्नागिरी शहराच्या बाहेर, कातळाच्या उतारावर आहे. घराच्या मागे हापूसची कलमे, आणि घरात, स्वयंपाकघराला लागून असलेल्या अंधाऱ्या खोलीत, चैत्रापासून मिरगापर्यंत अढी. झाडावरून उतरवलेले कच्चे फळ भाताच्या पेंढ्यात थरावर थर रचून पिकत ठेवायचे, म्हणजे अढी लावायची. ती कधी काढायची हे फळ सांगते, आणि सांगते ते वासाने. आधी नुसता पेंढ्याचा कोरडा, उन्हाळी वास असतो. मग त्यात किंचित आंबूस काहीतरी मिसळते. नंतर एका पहाटे तो आंबूसपणा मावळून त्याच्या जागी गोड, जड, जवळजवळ तुपकट असा गंध उभा राहतो. ती पहाट नेमकी ओळखावी लागते. एक दिवस आधी काढले तर फळ दडस, अर्धकच्चे राहते. एक दिवस उशीर झाला तर तळचा थर डागाळतो.

आमच्या घरची रीत अशी की अढी जिच्या नाकावर सोपवलेली, तिचे अंथरूण त्याच खोलीत, अढीच्या शेजारी. सासूबाईंचे ते तिथे होते, आणि त्यांच्या गुडघ्यांनी खाली बसणे नाकारले त्या वर्षी त्यांनी स्वतःच्या हाताने माझे तिथे घातले. मी बागेतली नव्हे. माझे माहेर गावातले, वडील शाळेत मराठी शिकवत आणि घरी मला वृत्ते म्हणायला लावत. यती आला की थांब, नाकाने श्वास घे, मग पुढे जा, असे ते सांगत. फळांच्या या घरात माझ्यापाशी दुसरे काही नव्हते. पण ते शिकलेले लक्ष होते. आवाजाला द्यायचे लक्ष मी वासाला दिले. बारा वर्षे माझी एकही अढी चुकली नाही.

धाकटी मात्र केळशीची. आंब्यांच्याच घरात जन्मलेली. ती आमच्याकडे आली त्या पहिल्याच हंगामात अढीच्या दारात उभी राहून तिने नाक जरासे वर केले होते आणि काही न बोलता परत गेली होती. ते न बोलणे मी तेव्हापासून विसरले नव्हते.

गेल्या वर्षी माझे नाक बिघडले.

सुरुवात कधी झाली ते सांगता येत नाही, कारण बंद होत जाणारे नाक कळतच नाही. कळते ते कोरडे पडलेले तोंड. पहाटे जाग येई तेव्हा जीभ टाळूला चिकटलेली असे, घसा खरखरत असे, ओठांच्या कडांना भेगा पडलेल्या असत. उशीवर लाळेचा डाग. ज्या कुशीवर वळावे त्या बाजूची नाकपुडी मिटे. दुसऱ्या कुशीवर वळावे तर तो अडथळा सावकाश सरकत तिकडे येई, जणू कोणी आतल्या आत जड पाणी एका घड्यातून दुसऱ्यात ओतत होते. मग तोंड उघडे आणि रात्र तशीच जाई. दिवसभर डोके जड असे, डोळ्यांच्या मागे कोणी बसल्यासारखे वाटे.

आणि वास गेला. एकदम नव्हे. आधी मोगरा गेला, मग फोडणी, मग ओल्या मातीचा. पेंढ्याच्या खोलीत मी वाकून, नाक फळाला टेकवून श्वास ओढी, तेव्हा आत फक्त एक बोथट ऊब जाई.

मी हे कोणालाही सांगितले नाही. अढी अंदाजाने काढू लागले. दिवस मोजले, फळ दाबून पाहिले, देठाभोवतीचा रंग पाहिला. दोन अढ्या निभावल्या. तिसरीला मी म्हटले, "अजून एक दिवस."

धाकटी दारात होती. ती म्हणाली, "आज काढायला हवी, वैनी."

"उद्या," मी म्हटले.

दुसऱ्या दिवशी तळचा सगळा थर काळ्या डागांचा निघाला. सासूबाईंनी एक फळ उचलून हातात फिरवले, परत ठेवले आणि पदराला हात पुसले. ओरडल्या असत्या तर बरे झाले असते. त्या एवढेच म्हणाल्या, "नाक धरून ठेवलंयस की काय गो?" आणि पुढे, धाकटीकडे न बघता, "पुढची हिला बघू दे जरा."

त्या 'जरा' या शब्दाने माझी झोप उरली होती तेवढीही घालवली.

मग मी उपाय सुरू केले, आणि तेही चोरून. औषधांच्या दुकानातून नाकात घालायचे थेंब आणले. पहिल्या दिवशी ते दैवी वाटले: दोन थेंब, आणि काही क्षणांत डोक्यातली सगळी दारे उघडली. वास आला नाही, पण हवा आली. मग ते चार तासांनी संपू लागले, मग तीन तासांनी. थेंब उतरला की नाक आधीपेक्षा घट्ट बंद होई. तीन आठवडे मी ती बाटली कनवटीला घेऊन फिरले.

त्यानंतर नाकावर बाहेरून लावायच्या पट्ट्या आणल्या. नाकाच्या मधल्या भागावर आडवी चिकटवली की ती दोन्ही बाजूंनी नाकपुड्या हलकेच ओढून धरते. आराम खरोखरच मिळाला. चिमटीत धरलेली हवा कोणी सोडून द्यावी तसा. पण आमच्याकडचा एप्रिल: मध्यरात्रीपर्यंत घामाने पट्टीचे एक टोक सुटे आणि सकाळी ती गालावर लोंबत असे. एका पहाटे ती काढायची राहून गेली. धाकटी बाजारात जायच्या आंब्याच्या पेटीत पेंढा पसरत होती. ती वर न बघता म्हणाली, "वैनी, नाकाची पेटी भरून वर पट्टी मारलीत वाटतं. कुठे पाठवायची?"

गडी हसले. मीही हसले.

मग जलनेती. सासूबाईंनीच कोनाड्यातले तोटीचे तांब्याचे भांडे काढून दिले. "पाणी कोमट करू का?" मी विचारले. "आमच्या बावीचं पाणी," त्या म्हणाल्या, "त्याला कशाला काय करायला हवं?" आमच्या विहिरीच्या गोड्या पाण्याचा घराला अभिमान आहे, ते उकळणे म्हणजे त्याच्यावर संशय घेणे. मी तसेच, कच्चे, बिनमिठाचे पाणी नाकात ओतले. समुद्रात लहानपणी लाटेखाली गेले होते तेव्हापेक्षाही वाईट आग कपाळापर्यंत चढली. भांडे परत कोनाड्यात गेले.

या सगळ्या दिवसांत धाकटी झोपत होती. तिची खोली माझ्या खोलीपलीकडे, मधल्या भिंतीला वर झरोका. मी उशीला टेकून बसलेली असे, तोंडाने श्वास ओढत, आणि पलीकडून काहीच ऐकू येत नसे. दुसऱ्याच्या शांत श्वासाचा हेवा वाटणे ही फार खालची गोष्ट आहे हे मला कळत होते. हेवा तरी निदान तिच्या केसांचा असावा, तिच्या माहेरच्या बागांचा असावा. मला तिचे न ऐकू येणारे श्वास हवे होते.

एका सकाळी मी तिच्या खोलीत धुतलेल्या चादरी ठेवायला गेले. ती नुकतीच उठत होती, आणि तिच्या ओठांवर, मधोमध, कागदी चिकटपट्टीचा बोटभर उभा तुकडा होता.

"हे काय?"

तिने तो सहज सोलून काढला. "फोनवर बघितलं. तोंड मिटून झोपलं की झोप चांगली लागते म्हणे. चेहरा पण उजळतो." मग माझ्याकडे बघून, "तुमचं आपलं रात्रभर भात्यासारखं चालू असतं, वैनी. मधेच थांबतं पण. थांबलं की मी वाट बघत राहते."

तिला सगळे ऐकू येत होते. माझ्या मनात राहिले ते एवढेच. तिचे 'थांबतं' मी ऐकले नाही. त्या पट्टीचा बोटभर तुकडा मात्र डोळ्यांसमोरून गेला नाही. तिचे नाक, तिची झोप, माझी अढी, सगळे त्या तुकड्यात आहे असे मला वाटले.

कागदी पट्टी माझ्याकडे नव्हती आणि तिच्याकडे मागणे शक्य नव्हते. माझ्याकडे होती आंब्याच्या कामातली कापडी चिकटपट्टी. देठ खुडताना चीक उडतो, कातडी भाजते, म्हणून आम्ही सगळ्या बोटांना ती गुंडाळतो. घामात, चिकात, पाण्यात दिवसभर सुटू नये म्हणूनच ती केलेली असते. तिचा हाच गुण मला आवडला. नाकावरच्या पट्टीसारखी ही सुटणार नाही, असा मी विचार केला.

रात्री हिंमत झाली नाही. दुपारी, जेवणानंतर, घर आडवे झाल्यावर मी अढीच्या खोलीचे दार लोटले. नाकात थेंब घातले. सर्दीची गोळी घेतली. तिने गुंगी येते हे माहीत होते आणि तेच हवे होते. मग ओठ मिटून त्यांच्यावर एक पट्टी आडवी लावली, ती पुरेशी वाटेना म्हणून तिच्यावर दुसरी. भरल्या पोटी, पेंढ्याकडे तोंड करून, उजव्या कुशीवर झोपले.

थेंबांच्या जोरावर नाक उघडे होते. मी माझ्या मिटल्या तोंडाने घेतलेले श्वास ऐकले, बारीक, नीटस, वृत्तात बसणारे. मी तिच्यासारखी झोपते आहे, हा माझा शेवटचा विचार.

नंतरचे मला तुकड्यांनी आठवते. मला खोल पाण्यात वर यायचे होते आणि वर काही नव्हते. छाती ओढत होती, हवा आत येत नव्हती. नाक दोन्हीकडून भिंतीसारखे झाले होते. हात ओठांकडे गेले, पण गोळीच्या गुंगीने बोटे जाडी झाली होती आणि पट्टीची कड घामाने गालाशी एकजीव झाली होती. नखाला ती सापडेना. घशात जेवण आंबट होऊन वर येत होते आणि त्याला बाहेर पडायला दार नव्हते. मला आवाज काढायचा होता. आवाज नाकातून एका बारीक सुरासारखा निघाला.

मग कोणीतरी माझी हनुवटी धरली आणि एका झटक्यात माझा चेहरा जळला.

मी उलटी केली, पेंढ्यावर, आणि मग श्वास घेतला. धाकटी माझ्यासमोर गुडघ्यांवर होती, हातात पट्टीचे भेंडोळे, त्याला माझ्या ओठाची साल. तिने ते भेंडोळे उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाली, "ही बोटांची पट्टी आहे, वैनी." जणू चूक एवढीच होती.

दुसऱ्या दिवशी ती मला गावातल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. घरी आम्ही सांगितले की ओठ चिकाने भाजला.

डॉक्टरीणबाईंना मात्र सगळे खरे सांगितले. त्यांनी ओठ पाहिला, मग दिवा लावून नाकात पाहिले. आतले अस्तर फिकट आणि सुजलेले आहे, मधला पडदा थोडा तिरका आहे, पण तो जन्माचा, म्हणाल्या. थेंबांची बाटली त्यांनी माझ्या हातून घेतली आणि टेबलाच्या स्वतःच्या बाजूला ठेवली. "हे तीन-चार दिवसांचं औषध. तीन आठवडे घातलंत म्हणून आता नाक याच्यामुळेच बंद होतंय." नाकावरच्या पट्टीबद्दल त्यांची तक्रार नव्हती. "ती बाहेरून वाट थोडी रुंद करते. हवी तर लावा, धुतलेल्या, कोरड्या नाकावर. आतली सूज तिला कळत नाही."

मग तोंडाच्या पट्टीकडे वळल्या. "तोंडाने श्वास घेणं हा तुमचा दोष नव्हता. नाक बंद झाल्यावर शरीराने काढलेली ती दुसरी वाट होती. तीच तुम्ही बुजवलीत, वर गुंगीची गोळी घेतलीत. उलटी आत गेली असती तर?" त्यांनी धाकटीकडे पाहिले. "झोपेत घोरतात का या?"

"घोरतात. मधेच श्वास थांबतो. मग दचकून सुरू होतो."

"पट्टीखाली ते नुसतं झाकलं जातं. नाक सुधारल्यावरही थांबत असेल तर झोपेची तपासणी करायची, टाळायचं नाही. श्वास थांबतो ही गोष्ट ज्याने ऐकली त्याने सांगायला हवी."

"मी पण लावते," धाकटी हळूच म्हणाली. "कागदाची, छोटी."

"तुमचं नाक उघडं आहे म्हणून निभावलं. सर्दी झाली त्या दिवशी काय कराल? फायदा होतोच असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही. सोडा ती."

धाकटीलाही बोलणी ऐकावी लागली याचा मला, त्या अवस्थेतही, आनंद झाला. तो फार टिकला नाही.

"झोपता कुठे?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

मी सांगितले. अढीची खोली, पेंढा, झरोका, बारा हंगाम. त्यांनी पेन खाली ठेवले.

"पेंढ्याची धूळ, त्यातली बुरशी. रात्रभर नाक त्याच्याशेजारी. दुसरीकडे झोपा. पेंढा हलवायचं काम दुसऱ्या कोणाला द्या, नाहीतर मी लिहून दिलेला नाकातला फवारा आणि नाक धुवायचं पाणी दोन्ही वाया."

ते 'दुसरे कोणी' माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले होते आणि जमिनीकडे बघत होते.

आम्ही रिक्षाने परतत होतो. भाट्याच्या पुलावर खाडीचा वारा आत आला. ती डोळे मिटून तो नाकाने ओढत होती आणि मला त्यात मीठ आहे की मासळी ते कळत नव्हते.

"मी तुम्हाला बघायला नव्हते आले काल," ती म्हणाली. "अढी हुंगायला आले होते. तुम्ही झोपलात असं वाटलं म्हणून."

"रोज यायचीस?"

"दोन-तीनदा."

मला राग आला. तो आला तसा मी येऊ दिला. तिच्या चोरीमुळे मी वाचले होते आणि तरीही ती चोरी होती. दोन्ही खरे होते, आणि रिक्षात त्या दोन्हींना पुरेशी जागा नव्हती.

त्या संध्याकाळी मी माझे अंथरूण गुंडाळले. मागच्या खोलीत नेले, जिथे लादी आहे आणि खिडकी उताराकडे उघडते. गादीला दोन दिवस ऊन दिले. सासूबाईंनी बघितले, काही विचारले नाही, आणि रात्री धाकटीने आपली सतरंजी अढीच्या खोलीत टाकली तेव्हाही विचारले नाही. आता झरोक्यापलीकडून तिला माझे काही ऐकू येणार नव्हते.

पाणी मात्र मी उकळले. सासूबाई चुलीपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"बावीचं पाणी उकळतेस?"

"पोटाला चालतं ते नाकाला चालत नाही म्हणाल्या. नाकातून जंतू फार आत जातात."

त्यांनी चुलीत लाकूड पुढे सारले. "मग नीट उकळ," म्हणाल्या.

पाणी निवले, कोमट राहिले की कपभर घ्यायचे. त्यात अर्धा लहान चमचा साधे, आयोडीन नसलेले मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा. मोरीवर वाकून, मान तिरकी करून, तोंड उघडे ठेवून, नाक धुवायची मऊ बाटली नाकपुडीला लावून हलकेच दाबायची. या वेळी आग झाली नाही. पाणी एका बाजूने गेले आणि विचार करत असल्यासारखे रेंगाळून दुसऱ्या बाजूने उतरले. पहिल्या दिवशी थेंब थेंब, आठवड्याने धार. मग नाक जोरात न शिंकरता हलकेच मोकळे करायचे, बाटली धुऊन उन्हात वाळत घालायची, थोड्या वेळाने फवारा. थेंब सोडल्याचे पहिले आठ दिवस वाईट गेले. तोंडाने श्वास घेत मी उशांवर उंच टेकून पडे, आणि उघड्या तोंडाबद्दल पहिल्यांदाच कृतज्ञ असे.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी मोरीपाशी बाटली धूत असताना मला कोणीतरी हाक मारल्यासारखे झाले. मी वळले. तिथे कोणी नव्हते. तो वास होता. स्वयंपाकघरापलीकडच्या खोलीतून, दोन दारे ओलांडून आलेला, गोड, जड, तुपकट. अढी झाली होती. आजच. उद्या उशीर झाला असता.

मी ओले हात घेऊन उभी राहिले आणि मनात एकच गोष्ट होती: तिला हे कळू नये. तिने म्हणावे, अजून एक दिवस.

आतून पेट्या सरकवल्याचा आवाज आला. ती आधीच काढायला लागली होती.

थोड्या वेळाने ती बाहेर आली, केसांत पेंढ्याची काडी, हातात एक फळ. माझ्यासमोर धरून म्हणाली, "वास येतो का?"

मी फळ घेतले. देठापाशी नाक नेले. बारा वर्षांचे माझे सगळे त्या एका श्वासात होते, आणि ते तिने काढले होते, तिच्या दिवशी, अचूक.

"नाही," मी म्हटले. "अजून नाही."

तिचा चेहरा पडला. "येईल," ती म्हणाली. "उद्या परत आणते."

तिने दुसऱ्या दिवशी आणले, तिसऱ्या दिवशीही. रोज थरातले सगळ्यात चांगले फळ. मी रोज ते हुंगत होते आणि रोज नाही म्हणत होते. रोज ते मला मिळावे म्हणून, की माझ्या तोंडचे 'येतो' एवढे तरी तिला मिळू नये म्हणून, हे मी अजूनही ठरवू शकलेले नाही.

चौथ्या दिवशी तिने फळ माझ्या हातात दिले नाही. पायरीवर बसली, सुरीने त्याच्या फोडी केल्या, बाठा स्वतःकडे ठेवला.

"येत नाही म्हणता," ती बाठा चोखत म्हणाली, "आणि चार दिवस बघत्येय, तुमचं तोंड मिटलेलं आहे."

बोलायला तोंड उघडावे लागले असते. मी फोड उचलली, आणि खाण्याआधी, तिच्यादेखत, सावकाश, ती हुंगली.

"कुठल्या थरातली?" तिने विचारले.

"तळच्या," मी म्हटले. "उजव्या कोपऱ्यातली. भिंतीकडची ऊब लागलेली."

ती हसली नाही. तिने बाठा खाली ठेवला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, जी मी चांगलीच ओळखत होते. अख्खा हंगाम, तिच्याकडे बघताना, ती माझ्या डोळ्यांत होती.